फुलीच्या घरातून वाहून गेलेलं पाणी: के-मॅप, डोन्ट केअर आणि एका टाकीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. उजनी धरण भरलेलं असलं तरी पाणी दोन-चार दिवसांआड सुटतं. त्यामुळे प्रत्येक इमारतीखाली मोठा हौद असतो, गच्चीवर टाकी असते आणि मधे एक मोटार. पाणी आलं की हौद भरून घ्यायचा आणि मग लागेल तसं वर चढवायचं. हे चढवण्याचं काम कुणाकडे, यावरून जुळे सोलापुरातल्या एका बारा फ्लॅटच्या इमारतीत भांडणं होत होती. वॉचमन झोपला की टाकी वाहायची, विसरला की सकाळी नळ कोरडे.

मी डिप्लोमाच्या मुलांना डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. त्या इमारतीत राहणारी एक विद्यार्थिनी आणि तिचा वर्गमित्र या दोघांनी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून मोटार आपोआप चालू-बंद करणारं सर्किट करायचं ठरवलं. मायक्रोकंट्रोलर वापरायचा नाही, साध्या गेटमध्ये बसवायचं, ही अट माझी होती. ट्रूथ टेबलपासून तारेपर्यंत सगळं त्यांच्या हातून जावं, एवढाच हेतू. डिझाइनच्या कागदावर सहीही माझीच आहे. पुढे जे झालं त्यात ती सही महत्त्वाची ठरते, म्हणून आधीच सांगून टाकतो.

फंक्शन कसं मांडलं

इनपुट चार घेतले. हौदात फूट व्हॉल्व्हच्या वर पाणी असेल तर `A` १. गच्चीवरच्या टाकीत दोन फ्लोट स्विच: वरचा ओला असेल तर `B` १, खालचा ओला असेल तर `C` १. चौथा `D`, म्हणजे मोटार या क्षणी चालू आहे का. तो मोटारीला वीज जोडणाऱ्या स्विचच्या, म्हणजे कॉन्टॅक्टरच्या, ऑक्झिलरी कॉन्टॅक्टवरून घेतला. आउटपुट `F` म्हणजे कॉन्टॅक्टरला जाणारा हुकूम.

`D` कशाला, असं काकांनी, म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरींनी, पहिल्याच दिवशी विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. टाकी अर्धी असेल तेव्हा मोटार चालू हवी की बंद, हे नुसत्या पातळीवरून ठरत नाही. भरत असेल तर वरच्या फ्लोटपर्यंत भरू द्यायची, रिकामी होत असेल तर खालच्या फ्लोटपर्यंत होऊ द्यायची. म्हणजे आहे ते चालू ठेवायचं. हे ‘आहे ते’ सर्किटला कळावं म्हणून `D` इनपुटात घेतला.

नियम चारच. हौद कोरडा असेल तर मोटार बंद, बाकी काही बघायचं नाही. हौदात पाणी आहे आणि टाकीतले दोन्ही फ्लोट कोरडे, तर चालू. दोन्ही ओले, तर बंद. खालचा ओला आणि वरचा कोरडा, तर `D` जे म्हणेल ते.

सोळापैकी बारा ओळी या नियमांनी भरल्या. चार उरल्या: जिथे वरचा फ्लोट ओला आणि खालचा कोरडा, म्हणजे `B` १ आणि `C` ०. मुलगा म्हणाला, “सर, पाणी वर असेल तर खाली असणारच की. ही ओळ येऊच शकत नाही.” चारही ओळींत फुली, म्हणजे ‘डोन्ट केअर’, पडली: तिथे ० किंवा १, सोयीचं ते धरायचं. मी मान डोलावली. मग सोळा ओळी के-मॅपच्या, म्हणजे कार्नो नकाशाच्या, सोळा घरांत मांडल्या; `ABCD` हा बायनरी आकडा वाचला की घराचा नंबर मिळतो.

```
F = Σm(8, 9, 11) + d(4, 5, 12, 13)

              CD
          00  01  11  10
AB  00     0   0   0   0
    01     X   X   0   0
    11     X   X   0   0
    10     1   1   1   0
```

नकाशा सोडवताना

रांगा आणि रकाने ००, ०१, ११, १० या क्रमाने का, हे बहुतेकांना पाठ असतं, पण कारण विसरलेलं असतं. शेजारच्या दोन घरांत एकच अक्षर बदलावं, यासाठी तो क्रम. मॉरिस कार्नो यांनी १९५३ मध्ये बेल लॅबमध्ये असताना मांडलेल्या या पद्धतीचं सगळं बळ या शेजारधर्मात आहे: शेजारची दोन घरं एकत्र घेतली की बदलणारं अक्षर गळतं, चार घेतली की दोन गळतात.

या नकाशात १ फक्त तीन घरांत आहे. आधी कोणता घ्यायचा? मी मुलांना नेहमी सांगतो की ज्या एकाला सोबती कमी, तो आधी धरा. इथे तो ११ नंबरचा. त्याच्या खालच्या-वरच्या आणि उजव्या बाजूला शून्यं आहेत, सोबत फक्त डावीकडच्या ९ ची. नकाशाच्या कडा एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून शेवटच्या रांगेची खालची शेजारीण पहिली रांग. तिथल्या ३ नंबरच्या घरातही शून्यच आहे. म्हणजे ९ आणि ११ ही जोडी होणारच. या जोडीत `A` १ आहे, `B` ० आहे, `D` १ आहे, `C` बदलतोय, तो गळला. पद मिळालं `AB'D`; अक्षरावरची खूण म्हणजे ते अक्षर ०.

उरला ८. तो ९ बरोबर जोडीत बसतो, पण वरच्या रांगेत १२ आणि १३ वर फुल्या आहेत. त्यांना १ मानलं की ८, ९, १२, १३ असा चौकोन होतो. त्यात `A` १, `C` ०, बाकी दोन्ही गळले. पद `AC'`. नऊ नंबरचं घर दोन्ही गटांत आलं, त्यात काही वावगं नाही. मुलाने आधी ‘९ घेऊन झालाय’ म्हणून ११ एकटाच ठेवला होता आणि `AB'CD` असं चार अक्षरांचं पद लिहिलं होतं. ही चूक दर वर्षी होते. एक पुन्हा वापरायला पैसे पडत नाहीत; गट लहान ठेवला तर मात्र अक्षरं वाढतात.

चार आणि पाच या फुल्या शेवटी वापरल्या नाहीत, तेही बरोबर. विद्यार्थिनीने चारही फुल्यांचा एक सुंदर चौकोन करून `BC'` हे पद जोडायला घेतलं होतं. फुली कुणाच्या मदतीला घ्यायची असते, तिच्यासाठी गट करायचा नसतो. ज्या गटात एकही १ नाही तो गट नुसतं गेट वाढवतो. तिने ते पद खोडलं. पुढे काही महिन्यांनी हेच खोडलेलं पद कामाला येणार होतं, हे तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

तर उत्तर झालं:

```
F = AC' + AB'D
```

पाच लिटरल, म्हणजे पाच अक्षरं, आणि दोन पदं. परीक्षेत याला पूर्ण गुण. फुल्या न वापरता ८ आणि ९ ची नुसती जोडी घेतली असती तर `AB'C' + AB'D`, म्हणजे सहा लिटरल. एक अक्षर वाचलं.

जोडणी 74HC10 वर केली. या आयसीत तीन-तीन इनपुटचे तीन नँड गेट असतात. दोन गेट दोन पदांना, तिसरं दोघांना एकत्र आणायला. `B` आणि `C` उलटवायला 74HC04. पहिल्या गेटला `A` आणि `C'` दोनच अक्षरं लागत होती, म्हणून त्याची उरलेली पिन पाच व्होल्टला बांधून टाकली. ही पिन लक्षात असू द्या.

गड्ड्याची यात्रा उरकली आणि जानेवारीच्या शेवटी सर्किट बसलं. छोट्या डब्यावर चार इनपुटांचे चार एलईडी आणि मोटारीचा पाचवा. दोन-अडीच महिने कुणाची तक्रार नव्हती.

काय बिघडलं

एप्रिलमधल्या एका रात्री एकच्या सुमारास मोटार सुरू झाली आणि थांबली नाही. टाकी भरली, ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी मागच्या बोळात पडत राहिलं. पहाटे चारला हौद तळाला गेला आणि मोटार आपोआप बंद झाली. आदल्या दिवशी आलेलं दहा-बारा हजार लिटर पाणी गेलं, आणि पुढचं पाणी तीन दिवसांनी. त्या इमारतीत सकाळी काय वातावरण असेल ते सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

सकाळी इलेक्ट्रिशियन आला, त्याने कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटले असं निदान केलं आणि नवा टाकायचा भाव सांगितला. विद्यार्थिनीने मला फोन केला. तेव्हा तिने जे सांगितलं ते ऐकून मला तिचं कौतुक वाटलं: “सर, पॉइंट चिकटले असते तर हौद आटल्यावरसुद्धा मोटार बंद झाली नसती. ती बंद झाली. म्हणजे कॉन्टॅक्टर ऐकत होता, त्याला सांगणाराच चुकत होता.”

मी पोहोचलो तेव्हा डब्यावर `A` विझलेला, `B` पेटलेला, `C` विझलेला. वरचा ओला, खालचा कोरडा. जी ओळ येऊच शकत नाही ती समोर एलईडीवर पेटली होती.

गच्चीवर कारण सापडायला दहा मिनिटं लागली. खालच्या फ्लोटची केबल अपुरी पडली म्हणून मुलांनी जोड दिला होता आणि वर इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. सोलापूरच्या उन्हात त्या टेपचा डिंक सुटला, जोड उघडा पडला, तार निसटली. फ्लोटचा कॉन्टॅक्ट ओला झाल्यावर जोडणारा होता, तार तुटली की सर्किटला ‘कोरडा’ असंच दिसायचं. म्हणजे `C` कायमचा ०.

आता `C` च्या जागी शून्य घालून सूत्र वाचा. `AC'` उरतो नुसता `A`. दुसऱ्या पदाने मग काही फरक पडत नाही, कारण त्यातही `A` आहेच. पूर्ण सूत्र होतं `F = A`. हौदात पाणी आहे तोवर मोटार चालू. वरचा फ्लोट पेटून सांगतोय की टाकी भरली, पण त्याचं म्हणणं ऐकणारं अक्षर, म्हणजे `AC'` मध्ये असायला हवा होता तो `B'`, आम्हीच काटकसर म्हणून काढून टाकलेला.

गोम कुठे होती

फुलीचे दोन अर्थ आम्ही एकात गोळा केले होते. एक अर्थ, ‘हे इनपुट येणारच नाही’. दुसरा, ‘हे इनपुट आलं तरी आउटपुट काहीही चालेल’. नकाशा सोडवताना आपण दुसरा अर्थ वापरतो. फुली भरताना मुलाने पहिला वापरला. पहिल्यावरून दुसरा तेव्हाच निघतो जेव्हा ‘येणारच नाही’ याची हमी पक्की असते. इथे हमी पाण्याची होती, पाणी वर असलं की खाली असतंच. पण सर्किट पाणी वाचत नाही, ते तारा वाचतं. तारांची हमी कुणीच दिली नव्हती.

सगळ्याच फुल्या अशा जोखमीच्या नसतात. बीसीडी, म्हणजे चार बिटांत लिहिलेला ० ते ९ पैकी आकडा, सात-सेगमेंट डिस्प्लेवर दाखवताना १० ते १५ ही सहा घरं डोन्ट केअर धरतात. तिथे चुकून ती आलीच तर फार तर विचित्र आकृती दिसते. 7447 या जुन्या डिकोडरमध्ये १० ते १४ ला तशा अनोळखी आकृत्या उमटतात आणि १५ ला डिस्प्ले कोरा राहतो. कुणाचं पाणी जात नाही. तिथली फुली दोन्ही अर्थांनी खरी.

या प्रकरणातली सर्वांत डोळे उघडणारी गोष्ट मला त्या दुपारी कॉलेजात फळ्यावर सापडली. तोच नकाशा घेतला आणि एकांऐवजी शून्यांचे गट केले, म्हणजे प्रॉडक्ट ऑफ सम्स काढलं. वरच्या दोन रांगांचा आठ घरांचा गट दिला `A`. मधल्या दोन रांगा, फुल्यांना ० मानून, पुन्हा आठ घरांचा गट, त्यातून `B'`. आणि शेवटच्या रकान्यातली चार शून्यं, त्यातून `(C' + D)`.

```
F = A · B' · (C' + D)
```

चार लिटरल. हेसुद्धा त्याच नकाशाचं मिनिमल उत्तर, तेही पुस्तकी नियमांनी. पण यात `B'` पूर्ण सूत्राला लागू आहे: वरचा फ्लोट ओला झाला की मोटार बंद, खालचा काही का म्हणेना. एकाच नकाशाची, एकाच फुल्यांची दोन मिनिमल उत्तरं, आणि १२ व १३ या घरांत एक म्हणतं मोटार चालू, दुसरं म्हणतं बंद! एकांचे गट मोठे करायला फुली १ झाली, शून्यांचे गट मोठे करायला तीच ० झाली. मोटारीचं काय व्हावं हे आमच्यापैकी कुणीच ठरवलं नव्हतं. आम्ही एकांचे गट, म्हणजे एसओपी, निवडलं, त्यातच ते ठरून गेलं.

पुढे काय करायचं: समोर असलेले पर्याय

काकांचं म्हणणं होतं की जोड नीट करून घ्या आणि विषय संपवा. खर्च शून्य. पण केबल पुन्हा कधीतरी तुटणार, आणि तुटली की पुन्हा तेच.

इलेक्ट्रिशियनचं म्हणणं होतं की बाजारात तयार वॉटर लेव्हल कंट्रोलर मिळतो, तो बसवा. वाईट सल्ला नाही. पण विद्यार्थ्याने विचारलं की त्यातल्या डिझाइनरने ही ओळ कशी भरली आहे हे आपल्याला कसं कळणार? मायक्रोकंट्रोलरमध्येही ‘खालचा कोरडा तर मोटार चालू’ अशी एक ओळ वर लिहिली की तीच फुली कोडात येते. नकाशा दिसत नाही एवढाच फरक.

तिसरा पर्याय नकाशातच होता: १२ आणि १३ मध्ये फुलीऐवजी ठाम ० लिहायचं. मग ४ आणि ५ सुद्धा ०, कारण हौद कोरडा असताना मोटार कधीच नको. फुल्या संपल्या, नकाशा पुन्हा सोडवला, ८-९ आणि ९-११ या दोन जोड्या:

```
F = AB'C' + AB'D
```

एक लिटरल जास्त. खर्च किती? इथे मुलं हसायलाच लागली. पहिल्या गेटची जी पिन पाच व्होल्टला बांधली होती ती सोडवून `B'` ला जोडायची. आयसी तीच, गेट तितकीच. `B'` तर दुसऱ्या पदासाठी आधीच तयार होता. ज्या एका अक्षराच्या बचतीसाठी फुलीला १ केलं त्याने तांब्याची एक तारही वाचवली नव्हती. लिटरल मोजणं हे खर्चाचं माप आहे, पण खरा खर्च आयसीच्या पॅकेटमध्ये होतो आणि तीन इनपुटचं गेट दोन अक्षरांना वापरलं तरी तेवढीच जागा खातं.

काय केलं

पिन हलवली, तो पाच मिनिटांचा मामला. मग विद्यार्थिनीने तिचं खोडलेलं पद बाहेर काढलं. चारही फुल्यांचा चौकोन, `BC'`. मोटारीच्या सूत्रात ते फुकटचं होतं, पण वेगळं आउटपुट म्हणून त्याला अर्थ होता: ही स्थिती आली म्हणजे एखादा फ्लोट किंवा तार नक्की बिघडली.

```
E = BC'
```

एका नकाशातल्या फुल्या दुसऱ्या नकाशात एक झाल्या. `E` वर एक छोटा बझर लावला, डबा जिन्याखाली असल्याने तो काकांच्या दाराशीच वाजतो.

खरा वाद झाला तारांच्या दिशेवरून. आमच्या फ्लोट स्विचला तीन तारा होत्या: एक सामाईक, एक ओला झाल्यावर जोडणारी, एक कोरडा असताना जोडलेली. त्यामुळे तार तुटली तर सर्किटने काय समजायचं, हे आपल्या हातात असतं. मुलाचं म्हणणं, `B` आणि `C` दोन्ही उलटे जोडू, तुटली की ‘ओला’ दिसेल, मोटार बंद राहील, सुरक्षित. `B` साठी मला ते ताबडतोब पटलं. कारण वरच्या फ्लोटची तार तुटून `B` शून्य दिसला तर जी ओळ येते ती अगदी कायदेशीर आहे, खालचा ओला, वरचा कोरडा, मोटार चालू. ते घर ११ नंबरचं, तिथे १ हवाच. नकाशा कसाही सोडवा, ही चूक नकाशाला दिसतच नाही. ती तारेतच सोडवावी लागते.

`C` साठी मात्र मी अडलो. तो उलटा केला आणि तुटला तर `C` कायम १, मोटार कधीच आपोआप सुरू होणार नाही, आणि बझरही वाजणार नाही, कारण `BC'` घडणारच नाही. एके सकाळी नळ कोरडे पडल्यावरच कळायचं. उलट `C` आहे तसा ठेवला आणि तुटला तर सूत्र उरतं `AB'`: टाकी वरच्या फ्लोटपर्यंत भरत राहते, पाणी मिळत राहतं, आणि भरली की बझर वाजतो. शेवटी `B` उलटा केला, `C` तसाच ठेवला. `B` तुटला तर तो १ दिसतो, मोटार थांबते, टाकी हळूहळू उतरते आणि `C` कोरडा होताच पुन्हा तोच बझर. या दोन्हीपैकी कोणत्याही एका फ्लोटची तार तुटली तरी गोष्ट बझरपाशी येते, याचं श्रेय मी मुलांना देतो. मी फक्त फळ्यापाशी उभा होतो.

सगळं जोडल्यावर फुलीची चार घरं दोन्ही सूत्रांत घालून एक लहान तक्ता डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला:

```
घर   A B C D    AC'+AB'D    AB'C'+AB'D
 4   0 1 0 0        0            0
 5   0 1 0 1        0            0
12   1 1 0 0        1            0
13   1 1 0 1        1            0
```

हा तक्ता आधी केला असता तर एप्रिलची रात्र टळली असती. करायला दोन मिनिटं लागतात.

परिणाम

पावसाळ्यात टाकी धुतली तेव्हा धुणाऱ्याने खालच्या फ्लोटची केबल पाइपाला अडकवून ठेवली, फ्लोट खाली लोंबकळत राहिला. त्या संध्याकाळी टाकी भरली, मोटार थांबली. पाणी वाहिलं नाही. बझर वाजला, आणि इथे आमचा अंदाज चुकला. थोडं पाणी वापरलं की वरचा फ्लोट सुटायचा, बझर बंद, मोटार चालू; लगेच भरायची, मोटार बंद, बझर चालू. काकांना वाटलं कुणाच्या तरी मोबाईलची रिंगटोन आहे. दोन दिवस मोटार दर थोड्या वेळाने चालू-बंद होत राहिली. मोटारीला असं वारंवार सुरू होणं चांगलं नसतं, दर वेळी सुरुवातीचा जास्तीचा करंट वाइंडिंग तापवतो. तिसऱ्या दिवशी मुलीने डब्याकडे पाहिलं आणि ओळखलं.

म्हणजे पाणी वाचलं, पण सूचना पोहोचली नाही. मग `E` च्या पुढे एक लॅच टाकला, एकदा वाजला की बटण दाबेपर्यंत वाजत राहतो. काका आता त्या बटणाला ‘गप्प बस’ म्हणतात.

पुन्हा करायचं झालं तर

मी माझ्या वर्गात एक बदल केला आहे. फुली टाकताना मुलांनी शेजारी लिहायचं: ‘येत नाही’ की ‘चालेल’. ‘येत नाही’ लिहिलं तर पुढचा प्रश्न, कोण येऊ देत नाही? आधीचं डिजिटल सर्किट असेल, जसं बीसीडी काउंटर, तर हमी बऱ्यापैकी असते, तरी वीज आल्या क्षणी काउंटर भलत्याच आकड्यावर उभा राहू शकतो. सेन्सर असेल तर हमी नाही असंच धरायचं. आणि उत्तर लिहून झाल्यावर फुल्यांची घरं सूत्रात घालून कोण १ झालं, कोण ० झालं, हे खाली एका ओळीत. परीक्षेत `AC' + AB'D` ला मी आजही पूर्ण गुण देतो, कारण प्रश्नात फुली दिली असेल तर ती वापरलीच पाहिजे. फुली कोणी दिली, हा प्रश्न परीक्षेत नसतो.

पिन बांधून ठेवण्याआधी आयसीतली रिकामी जागा बघायला हवी होती, हेही खरं. एखादं गेट किंवा आयसी खरोखर कमी होत असेल तर फुलीचा लोभ समजू शकतो. इथे लोभ कागदावरच्या मोजणीचा होता.

एक भोक अजून आहे. वरचा फ्लोटच गाळात किंवा केबलमध्ये अडकून लोंबकळत राहिला, तार शाबूत असताना, तर `B` शून्यच दिसणार आणि ११ नंबरच्या कायदेशीर घरात बसून मोटार टाकी वाहवणार. दोन फ्लोटांत ते पकडता येत नाही. ओव्हरफ्लोच्या तोंडाशी तिसरा फ्लोट लागेल, मग पाच चलांचा, बत्तीस घरांचा नकाशा आणि बऱ्याच नव्या फुल्या. मुलांनी तो कागदावर काढून दिला आहे, प्रत्येक फुलीपुढे ० लिहून. फ्लोटचा खर्च सोसायटीच्या मिटिंगमध्ये मांडलाय. पार्किंगचा विषय आटोपला की तो घेऊ, असं काका म्हणाले आहेत.